तेराव्या महिन्याची सूट

महेंद्र ओव्हाळला बदलापूरच्या रुचिरंग मसाला कंपनीत चिकटून दोन वर्षं झाली, तरी त्याचे वडील शिवराम रोज संध्याकाळी दारातच त्याला गाठून विचारायचे, "कार्ड आलं का?"

कार्ड म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. शिवरामांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत उभी हयात काढली होती. तिथे गेटवर टोकन टाकायचं आणि टोकनावर नंबर असायचा. रिटायर झाल्यावर एकदा नात्यातल्या लग्नात विम्याची कामं करणारा एक भाचा त्यांना भेटला. त्या पठ्ठ्याने नवरा, नवरी, बँडवाला आणि वांग्याची भाजी ढवळणारा आचारी अशा सगळ्यांना आपलं कार्ड वाटलं. शिवरामांनी ते घरी आणलं, टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपला पोरगा परचेसमध्ये आहे, लाखांची खरेदी करतो आणि त्याच्या खिशात बसच्या पासाशिवाय काही नाही!

आता खरं सांगायचं तर महेंद्र लाखांची खरेदी करत नव्हता. तो लाखांच्या खरेदीच्या कागदांना पंच मारून ते फायलीत लावत होता. विठ्ठलवाडीच्या चाळीत हा फरक त्याने कुणाला सांगितला नव्हता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

कार्डाची गाडी अडली होती ती परचेस मॅनेजर विष्णुपंतांपाशी. माणूस सज्जन, पण वाढदिवसाच्या केकचेही तीन कोटेशन मागवणारा. २००६ साली नवरात्रात त्यांनी महेंद्रला बोलावलं आणि समोर तीन करारांची चळत ठेवली.

"दिवाळीपासून पुढच्या वर्षभराचे पुठ्ठ्याचे खोके कुणाकडून घ्यायचे ते ठरवायचंय. तिघांचे करार आलेत. वाच, आणि मला एका पानावर टेबल करून दे. किती माल उचलायची हमी मागतात, कुठल्या टप्प्यावर काय भाव, वर्षअखेरीला सूट काय. टेबल चोख निघालं तर तू असिस्टंट बायर. कार्डं छापून घे."

महेंद्रला त्या दिवशी पोटात फुलपाखरं वगैरे काही झालं नाही. त्याला सरळ घाम फुटला.

तिघांपैकी ठाण्याची बडी कंपनी पहिल्याच वाचनात गळाली. तिला वर्षाला तीन लाख खोक्यांची हमी हवी होती. रुचिरंग मसाल्याला दर महिन्याच्या एक तारखेला नऊ हजार खोके पुरायचे. तीन लाख खोके खपवायचे तर महाराष्ट्राला सकाळच्या चहातही गरम मसाला घालावा लागला असता. उरले दोघे. बदलापूरचा हरिचंद्र म्हात्रे, ज्याचा करार मराठीत आणि एका पानाचा होता. आणि उल्हासनगर कॅम्प एकचे तोलाराम शेठ, ज्यांचा करार इंग्रजीत, नऊ पानांचा, आणि पहिल्या पानावर गणपती होता.

हरिचंद्रचं म्हणणं सोपं होतं. खोक्याचा भाव अकरा रुपये. पण वर्षात एक लाख खोके उचलले, की पहिल्या खोक्यापासून सगळ्यांना साडेदहाचा भाव लागू आणि आधी जास्त घेतलेला फरक परत. लाखाच्या आत राहिलात तर अकरा ते अकराच.

तोलाराम शेठचे टप्पे होते. पहिल्या पन्नास हजारांना अकरा, पुढच्या पन्नास हजारांना साडेदहा, लाखाच्या वर दहा. किमान नव्वद हजार उचलायची हमी. कमी पडलात तर प्रत्येक कमी खोक्यामागे आठ आणे भरायचे. आणि वर्षात एक लाख पंधरा हजार पार केले, तर वर्षभराच्या सगळ्या बिलांवर तीन टक्के सूट.

महेंद्रने दोन दिवस खपून एक्सेलमध्ये टेबल उभं केलं. मथळा निळा, आकडे उजवीकडे, एकूण बेरीज ठळक. वर्षाला बारा महिने गुणिले नऊ हजार, म्हणजे एक लाख आठ हजार खोके. तोलाराम शेठचा शेवटचा भाव दहा, म्हणून एक लाख आठ हजार गुणिले दहा. हरिचंद्रपेक्षा चोपन्न हजारांनी स्वस्त! त्याने प्रिंट काढली आणि विष्णुपंतांपुढे नेऊन ठेवली.

विष्णुपंतांनी चष्मा नाकावर ओढला. मग कागदाच्या उजव्या कडेला बोट टेकवलं.

"ओव्हाळ, हा शेवटचा रकाना कसला?"

महेंद्रने वाकून पाहिलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. करार समजून घ्यायला तो दोघांकडेही जाऊन आला होता, आणि स्वतःच्या आठवणीसाठी त्याने टेबलाला एक रकाना जोडला होता. तो काढायचा राहिला होता. रकान्याचं नाव 'नाश्ता'. तोलाराम शेठपुढे लिहिलं होतं, 'दालपकवान, गरम, दुसऱ्यांदा विचारतात.' हरिचंद्रपुढे होतं, 'बिस्किटं, मऊ पडलेली.'

"याला किती टक्के वजन दिलंय तू?" विष्णुपंतांनी गंभीरपणे विचारलं.

"साहेब, ते चुकून... ते बेरजेत नाहीये."

"बेरजेत नाही, पण बेरीज तिकडेच गेलीय. दहाचा भाव सगळ्या खोक्यांना लावलास होय रे? हे हरिचंद्रसारखं नाही. इन्कम टॅक्सचे टप्पे असतात ना, तसं आहे. लाखाच्या वरच्या खोक्यांनाच दहा. खालच्यांना त्यांचा त्यांचा भाव. जा, परत कर."

त्या संध्याकाळी शिवरामांनी विचारलं, "कार्ड आलं का?" आणि महेंद्र म्हणाला, "छपाईत अडकलंय." खोटं बोलल्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की जेवताना त्याने दुसरी भाकरी नाकारली.

दुसरं टेबल त्याने जिवावर उदार होऊन केलं. पन्नास हजार अकराने, पन्नास हजार साडेदहाने, उरलेले आठ हजार दहाने. तोलाराम शेठ अकरा लाख पंचावन्न हजार. हरिचंद्र लाख पार म्हणून सगळे साडेदहाने, अकरा लाख चौतीस हजार. सूट तोलाराम शेठकडे लाख पंधरा हजारांवर होती, तिथपर्यंत गाडी पोचतच नव्हती. हरिचंद्र एकवीस हजारांनी स्वस्त. तोलाराम शेठची नव्वद हजारांची हमीही सहज भरत होती. नाश्त्याचा रकाना या वेळी नव्हता. महेंद्रने तो तीनदा तपासला.

विष्णुपंतांनी आकडे बोटाने मोजत पाहिले आणि चक्क हसले. "आता कसं! सोमवारी हरिचंद्रला बोलावतो. तू कार्डाचा मजकूर काढून ठेव."

महेंद्र शनिवारी घरी आला तो तरंगतच. जिन्यात त्याला शेजारच्या वेणूकाकूंनी अडवलं. वेणूकाकू मूळच्या वडवलीच्या आगरी, आवाज खणखणीत, आणि तुळशीचं लग्न झालं की त्यांच्या मुलीचं, जिज्ञासाचं, लग्न होतं.

"अरे मह्या, तुझ्या कंपनीतना चार खोकी आन ना रुखवताला. मजबूत आन."

"आणतो काकू. लग्नाची तयारी झाली का?"

"कसली तयारी, कंबरडा मोडला माझा! लग्न झाला का लगेच पुढच्या साली धोंडा हाय. नवा जावय. तेतीस अनारसे, चांदीचा ताट, कपरं. मी व्याहींना बोलली, एक वरीस थांबा, तर आयकत नाय. आता यो दिवाली ते दिवाली तेरा म्हैन्यांचा वरीस, तेराही म्हैने माझा खर्चच खर्च!"

"तेरा कसे?"

"अधिक म्हैना येतो ना रे! जेठ दोनदा येनार. तुमच्यात नाय करत, तुला काय ठावं."

खरंच होतं. ओव्हाळांच्या घरी ना अधिक पाळत ना धोंडा. घरात कॅलेंडर होतं, पण ते दुधाच्या पिशव्या मांडायला आणि बुद्धपौर्णिमेला गोल करायला. महेंद्र मान हलवून दोन पायऱ्या चढला. मग त्याच पायरीवर थबकला.

कारण तोलाराम शेठच्या कराराच्या आठव्या पानावर 'वर्ष' या शब्दाची व्याख्या होती. त्याने ती वाचली होती, टेबलात उतरवलीही होती: 'वर्ष म्हणजे लक्ष्मीपूजन ते लक्ष्मीपूजन.' आणि समोर त्यानेच, आपल्या हाताने, आत्मविश्वासाने लिहिलं होतं: 'म्हणजे १२ महिने.'

तेरा गुणिले नऊ हजार. एक लाख सतरा हजार. सुटीची रेघ लाख पंधरा हजारांवर.

"काकू," महेंद्र ओरडला, "तुमच्या जावयाचं कल्याण होवो!"

"हो, पन खोकी मजबूत आन," वेणूकाकू म्हणाल्या.

तो रविवार महेंद्रने तडफडत काढला. गप्प बसला असता तर सोमवारी कार्ड पक्कं होतं. साहेबांना पटलेलं टेबल आपणच चुकीचं ठरवायचं, तेही जिन्यातल्या गप्पांवरून, म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. तो धोंडा वेगळा आणि हा वेगळा. वडिलांकडे बघितलं की वाटायचं, गप्प बसावं. ते बिचारे टीव्हीवरचा रुमाल झटकून भाच्याच्या कार्डाशेजारी जागा करत होते.

सोमवारी हरिचंद्र यायच्या आत तो विष्णुपंतांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझं टेबल चुकलंय. परत."

विष्णुपंतांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या घरी पंचांग होतं, सोवळं होतं, सत्यनारायण होता. पण ऑफिसात पंचांग कोण उघडतं? त्यांचा चेहरा कोकमासारखा झाला. "पुढच्या वर्षी अधिक आहे? नक्की? थांब." त्यांनी फोन उचलला आणि कल्याणला सासूबाईंना लावला.

"नमस्कार. विष्णू बोलतोय. एक विचारायचं होतं, पुढच्या साली अधिक महिना आहे का हो?"

पलीकडून आवाज इतका वाढला की महेंद्रलाही ऐकू आला. "आहे हो जावईबापू, पण तुम्ही आत्तापासूनच विचारताय? मागल्या वेळी दिला होता ना स्टीलचा डबा!"

विष्णुपंतांनी फोन ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. "आहे," ते म्हणाले. "आणि तो डबा गळका होता."

दोघांनी तिथेच बसून तिसरं टेबल केलं. यंदाचं लक्ष्मीपूजन एकवीस ऑक्टोबरला, पुढचं नऊ नोव्हेंबरला, मधे एक तारखा तेरा, म्हणून एक लाख सतरा हजार खोके. तोलाराम शेठ बारा लाख पंचेचाळीस हजार, त्यातून तीन टक्के म्हणजे सदतीस हजार तीनशे पन्नास वजा. हरिचंद्रचं वर्ष साधं बारा महिन्यांचं होतं, तरी उदार होऊन त्याचा तेरावा महिनाही साडेदहानेच धरला. बारा लाख अठ्ठावीस हजार पाचशे. तोलाराम शेठ वीस हजार आठशे पन्नासांनी खाली आले. निकाल पार उलटा झाला होता.

"पण सूट क्रेडिट नोटने देणार म्हणतो," विष्णुपंतांनी सातव्या पानावर बोट ठेवलं. "म्हणजे रोख नाही, पुढच्या वर्षीच्या बिलातून वळती. पुढचं वर्ष तर पुन्हा बारा महिन्यांचंच. तेव्हा आपण हरिचंद्रकडे जाणार. मग ही क्रेडिट नोट काय फ्रेम करून लावायची? जा, शेठकडून दोन गोष्टी लेखी आण. वर्षाची व्याख्या, आणि सूट चेकने. चेक नाही मिळाला तर टेबलात सुटीच्या जागी शून्य लिही."

महेंद्र बदलापूरहून निघून कॅम्प एकला पोचला तेव्हा तोलाराम शेठ गादीवर बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत होते. दालपकवान आलं. महेंद्रने मन घट्ट करून ताटली बाजूला सारली, आणि हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरं निगोसिएशन.

वाटेत त्याने ठरवलं होतं की प्रश्न आडून विचारायचा, शेठला सुगावा लागू द्यायचा नाही. "शेठ, करारात वर्ष म्हणजे... आपलं नेहमीचंच ना? म्हणजे लक्ष्मीपूजन ते लक्ष्मीपूजन? मधे काही आलं, म्हणजे, काही जास्तीचं आलं, तरी तेच ना?"

तोलाराम शेठ पोट धरून हसले. "अरे साईं, तेरह महीने पकड़ लिया क्या? शाबाश! कोई नहीं पकड़ता. मी दहा साल से देखता हूँ, सब लोग बारा लिहितात. बाकी दो साल मेरा बरस छोटा रहता है, दहा-अकरा दिन कम. रिबेट तक कोई पहुँचता नहीं. तीसरे साल जो आँख खोलके पढ़ेगा, उसको मिलेगा. मेरे दादा बोलते थे, तीन साल में एक बार ग्राहक को जमाई समझना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"धंधेवाला आहे रे मी! अधिक मास में दामाद घर पे भी आता है, दुकान पे भी. लाओ, लिख देता हूँ."

त्यांनी व्याख्येच्या खाली सही केली. महेंद्रने लगेच सातवं पान उलटून पुढे केलं. "आणि ही सूट चेकने द्या शेठ. वर्ष संपल्यावर महिन्याभरात."

शेठचं हसू थांबलं. "नहीं नहीं. क्रेडिट नोट. सबको क्रेडिट नोट देता हूँ. अगले साल माल लो, काट लो."

महेंद्रला वेणूकाकू आठवल्या, विष्णुपंतांचा गळका डबा आठवला, रुमालाखालची रिकामी जागा आठवली. "शेठ," तो म्हणाला, "जावयाला धोंड्याच्या दिवशी सांगता का, की ताट पुढच्या साली जेवायला आलात तरच मिळेल?"

गादीवरचा मुनीम खोकला. तोलाराम शेठनी पुठ्ठा खाली ठेवला, छताकडे पाहिलं, बहुधा आजोबांकडे पाहिलं. मग 'क्रेडिट नोट' या शब्दांवर आडवी रेघ मारली, वर 'चेक' लिहिलं, आणि पुन्हा सही केली. "जमाई तर बहोत देखे," ते म्हणाले, "तू तर सासू निघाला. आता दालपकवान खा." महेंद्रने दोन ताटल्या खाल्ल्या. कुठल्याच रकान्यात त्याची नोंद झाली नाही.

विष्णुपंतांनी सह्या पाहिल्या, टेबल पाहिलं, आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली: असिस्टंट बायर, कार्डं शंभर, खर्च कंपनीचा.

त्याच संध्याकाळी महेंद्र कॅम्प पाचमध्ये बबनच्या छापखान्यात गेला. बबनने भाव सांगितला. शंभर कार्डं दीडशे रुपये, पाचशे साडेतीनशे, हजार साडेचारशे. आता इथे कुणीही शहाणा माणूस शंभर घेऊन निघाला असता. पण महेंद्र टप्प्यांनी भारलेला होता. त्याने बबनच्या काउंटरवरच टेबल आखलं. शंभरला एक कार्ड दीड रुपयाला, हजारला पंचेचाळीस पैशाला. तिप्पट महाग कार्ड घेऊन कंपनीचं नुकसान कसं करायचं? त्याने वरचे तीनशे खिशातून घातले आणि हजार कार्डं छापून घेतली. एवढ्या माणसांना आपण ओळखतो का, हा रकाना आखायचा त्याला सुचलंच नाही.

कार्डांची दहा खोकी घरी आली आणि महेंद्र ओळखीची माणसं मोजायला बसला. तो ओळखायचा ते फार तर साठ जण. त्यांतले निम्मे चाळीत राहायचे, म्हणजे त्यांना पत्ता सांगायची गरज नव्हती. मोठ्या मालाची हमी देऊन माणूस कसा फसतो, ते त्याला त्या रात्री करारांशिवाय कळलं.

शिवरामांनी एक कार्ड उचललं. चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. मग एक खोकं घेऊन बाहेर गेले.

तासाभराने महेंद्र त्यांना शोधत डेपोकडे गेला. शिवराम तिथे बसच्या रांगेपुढून चालत होते आणि एकेकाच्या हातात कार्ड देत होते. कंडक्टरला दिलं, चहावाल्याला दिलं, चपला शिवणाऱ्याला दिलं. महेंद्रला लाज वाटली. तो धावत गेला.

"बाबा, काय करताय! हे माझं कार्ड आहे. या लोकांना खोके विकायचेत का?"

"तुझं एकट्याचं कुठंय?" शिवराम म्हणाले, आणि त्यांनी कार्डावर मधल्या शब्दाखाली अंगठ्याचं नख ठेवलं.

महेंद्र शिवराम ओव्हाळ.

"ऑर्डनन्समध्ये सगळे नंबरानंच हाका मारायचे," ते म्हणाले. "कधी छापूनच नाही आलं रे."

महेंद्रने वडिलांच्या हातातलं अर्धं खोकं घेतलं आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाने वाटायला सुरुवात केली.

हजार कार्डं पुढच्या दिवाळीपर्यंत पुरतील असा महेंद्रचा अंदाज होता. ती जिज्ञासाच्या लग्नातच संपली. जावयाला दोन दिली, आचाऱ्याला तीन. त्या रात्री शिवरामांनी दारात गाठून विचारलं, "दुसरा हजार कधी आणतोस? आणि बबनला विचार, दोन हजार घेतले तर काय भाव लावतो."